कंडिशनल ऑफर आली. त्यातल्या अटी नेमक्या कशा वाचायच्या?

समजा, दारव्हा तालुक्यातल्या एका गावची मुलगी आहे. अमरावती विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्च महिन्यात तिला ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाकडून एम.एस्सी.साठी ऑफर लेटर येतं. घरात आनंद होतो, गावातल्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज येतात, आणि पत्रातला 'कंडिशनल' हा शब्द मागे पडतो. पण सगळं त्या शब्दावर अवलंबून आहे. कंडिशनल ऑफर म्हणजे प्रवेश नव्हे. 'तुमच्यासाठी जागा ठेवतो, पण खालच्या गोष्टी अमुक तारखेपर्यंत पूर्ण करा' असं विद्यापीठानं लिहून दिलेलं ते पत्र आहे. अटी पूर्ण झाल्या की हीच ऑफर 'अनकंडिशनल', म्हणजे विनाअट होते. प्रवेश तिथे पक्का होतो.

देशादेशांच्या पद्धती वेगळ्या आहेत, म्हणून इथे फक्त ब्रिटनचं पत्र घेऊ आणि ते ओळीओळीनं वाचू. या मुलीच्या पत्रात असं आहे: पदवीला एकूण किमान 60 टक्के हवेत आणि त्याची अंतिम कागदपत्रं द्यायची. आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण 6.5 बँड हवेत आणि कोणत्याही विभागात 6.0 पेक्षा कमी नको. पासपोर्टची प्रत द्यायची. 30 जूनपर्यंत 4,000 पौंड डिपॉझिट भरायचं. सगळ्या अटी 31 जुलैपर्यंत पूर्ण करायच्या. वर्षाची फी 18,500 पौंड, कोर्स सुरू 21 सप्टेंबरला.

वाचायला सोपं वाटतं. अडचण अशी, की यातली प्रत्येक अट वेगळ्या ऑफिसातून, वेगळ्या वेगानं पूर्ण होते, आणि एक मोठी अट या पत्रात लिहिलेलीच नाही. तिच्याकडे पुढे येऊ.

भाषेची अट: बेरीज पुरते, तरी नापास

आयल्ट्समध्ये चार विभाग असतात: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकाला 0 ते 9 मध्ये, अर्ध्या-अर्ध्या बँडच्या पायरीनं गुण मिळतात. एकूण बँड म्हणजे चारही विभागांची सरासरी, जवळच्या अर्ध्या बँडला नेलेली. सरासरी .25 वर थांबली तर ती वरच्या अर्ध्यावर जाते, .75 वर थांबली तर पुढच्या पूर्ण आकड्यावर.

आपल्या मुलीनं 18 एप्रिलला नागपूरला परीक्षा दिली. ऐकणं 6.5, वाचणं 6.5, लिहिणं 5.5, बोलणं 6.5. बेरीज 25, भागिले चार म्हणजे 6.25, म्हणून एकूण 6.5 बँड. निकालावर मोठ्या अक्षरात 6.5 दिसतं आणि घरचे म्हणतात, 'झालं की!' झालेलं नसतं. अटीचे दोन तुकडे आहेत आणि दुसरा तुकडा म्हणतो, एकही विभाग 6.0 च्या खाली नको. लिखाण 5.5 आहे, म्हणून अट पूर्ण नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं लिखाणात अडकणं नेहमीचंच. म्हणून तयारीचा वेळ चार विभागांत सारखा न वाटता लिखाणाला जास्त द्यावा.

आता तिच्यापुढे चार वाटा आहेत. त्यातली कोणती खुली आहे हे विद्यापीठ ठरवतं, क्लासवाले नाही.

पहिली वाट, फक्त लिखाणाचा विभाग पुन्हा देणं. याला वन स्किल रिटेक म्हणतात. मूळ परीक्षा कॉम्प्युटरवर दिलेली असेल तरच ते मिळतं, मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत द्यावं लागतं आणि एका परीक्षेमागे एकदाच. 18 एप्रिलपासून मोजलं तर मुदत 17 जूनला संपते. नवीन निकालपत्रात जुने तीन विभाग तसेच राहतात आणि लिखाणाचा नवा बँड येतो. मात्र सगळी विद्यापीठं असा निकाल मानत नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी अॅडमिशन ऑफिसला ईमेल करून लेखी होकार घ्या. फोनवरचं 'येस' पुढे कामाला येत नाही.

दुसरी वाट, पेपर पुन्हा तपासायला देणं. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत अर्ज करता येतो आणि बँड वाढला तर तपासणीची फी परत मिळते. अर्ध्या बँडसाठी लिखाणात याचा उपयोग होऊ शकतो, पण उत्तराला तीन आठवडेही लागू शकतात. म्हणून तेवढ्यावर विसंबून हात बांधून बसू नये.

तिसरी वाट, पूर्ण परीक्षा पुन्हा. खर्च अठरा हजार रुपयांच्या आसपास, शिवाय नागपूरला जाणं-येणं आणि मुक्काम. यात एक गोष्ट लोक विसरतात: दोन परीक्षांचे चांगले विभाग जोडून दाखवता येत नाहीत. दुसऱ्या वेळी लिखाण 6.0 आलं आणि वाचन 5.5 वर घसरलं, तर पुन्हा तिथेच.

चौथी वाट, विद्यापीठाचाच प्री-सेशनल, म्हणजे मुख्य कोर्सआधीचा इंग्रजी कोर्स. कमतरता अर्ध्या बँडची असेल तर बरीच विद्यापीठं सहा किंवा दहा आठवड्यांचा कोर्स देऊ करतात. तो पास झालात की भाषेची अट पूर्ण. पण त्याची फी वेगळी, राहण्याचा खर्च वाढतो, कोर्स जुलै-ऑगस्टमध्येच सुरू होतो म्हणजे व्हिसाही तेवढा आधी लागतो. आणि खरी गोम पुढे आहे: या कोर्ससाठी साधारणपणे 'आयल्ट्स फॉर यूकेव्हीआय' या नावाची परीक्षा लागते. प्रश्नपत्रिका तशीच असते, पण केंद्र आणि नोंदणी ब्रिटिश सरकारनं मान्य केलेली असते. साधी आयल्ट्स अकॅडमिक एम.एस्सी.ला चालते आणि इथे अडते. बँड काठावर येतील अशी शंका असेल, तर पहिल्यांदाच यूकेव्हीआय प्रकार निवडलेला बरा.

आयल्ट्सचा निकाल दोन वर्षंच चालतो. बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर परीक्षेतून सूट देणारी विद्यापीठंही आहेत, पण कोणत्या बोर्डाचे गुण आणि किती टक्के, हे प्रत्येकाचं वेगळं. सीबीएसईला लागू असलेली टक्केवारी महाराष्ट्र बोर्डाला तशीच लागू होते असं समजू नका. सूट मिळाली असेल तर ती ऑफर लेटरमध्ये लिहिलेली असली पाहिजे. पत्रात भाषेची अट दिसत असेल, तर ती अट आहे.

पदवीची अट: निकाल लागणं आणि कागद हातात येणं

'अंतिम मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र' एवढंच पत्रात लिहिलेलं असतं. तिकडे परीक्षा संपली की काही आठवड्यांत दोन्ही मिळतात. आपल्याकडे उन्हाळी परीक्षा लांबली की निकाल जुलैत किंवा त्याही पुढे जातो, छापील मार्कशीट कॉलेजमार्फत येते आणि मूळ पदवी तर दीक्षान्त समारंभानंतर. म्हणजे 31 जुलैला पदवी प्रमाणपत्र मिळणं शक्यच नाही. त्याऐवजी प्रोव्हिजनल डिग्री सर्टिफिकेट आणि सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचं ट्रान्स्क्रिप्ट चालतं का, हे आताच, म्हणजे मार्च-एप्रिलमध्येच विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी ते चालतं, पण होकार ईमेलमध्ये हवा.

निकालाच्या वेबसाइटवरून काढलेली प्रिंट साधारणपणे स्वीकारत नाहीत. मार्कशीट दोन्ही बाजूंनी रंगीत स्कॅन करा. मागच्या बाजूला ग्रेडची किल्ली छापलेली असते आणि ती नसली की विद्यापीठ कागद परत मागतं. एवढ्याशा कारणानं आठवडा जातो.

60 टक्के कशाचे, हाही प्रश्न आहे. तिन्ही वर्षांची सरासरी की शेवटच्या वर्षाची? मार्कशीटवर सीजीपीए असेल तर टक्के कसे काढायचे? विद्यापीठाविद्यापीठांची सूत्रं वेगळी असतात, म्हणून इंटरनेटवरच्या सूत्रानं स्वतः टक्के काढून पाठवू नका. आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून रूपांतराचं प्रमाणपत्र घ्या. त्यासाठी अमरावतीला एखादी चक्कर पडते, पण ती निकालाच्या गर्दीआधी मारून ठेवता येते, कारण सूत्र निकालावर अवलंबून नसतं.

निकाल 58.9 टक्के लागला तर? अट पूर्ण नाही. तरी कागदपत्रं पाठवून 'माझा विचार करावा' अशी विनंती जरूर करा. एक-दोन टक्क्यांची सूट देण्याचा अधिकार अॅडमिशन विभागाकडे असतो आणि जागा शिल्लक असतील तर तो वापरलाही जातो. मागितल्याशिवाय मात्र कोणी देत नाही. विषय राहिला असेल तर तो लपवू नका. प्रत्येक प्रयत्नाची मार्कशीट मागितली जाऊ शकते.

आणि नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, खाली आईचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. क्रम वेगळा असणं चालून जातं, स्पेलिंग वेगळं असणं नडतं. अर्ज करताना पासपोर्टप्रमाणे नाव भरा, आणि आयल्ट्सची नोंदणीही त्याच नावानं करा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा.

डिपॉझिट: आधी परताव्याचे नियम, मग पैसे

4,000 पौंड म्हणजे, हिशेबापुरता पौंड 120 रुपये धरला तर, 4 लाख 80 हजार रुपये. हे पैसे पुढे फीमध्ये वळते होतात, म्हणजे वेगळा खर्च नाही. पण ते भरायचे जूनअखेर आणि पदवीचा निकाल जुलैत! अट पूर्ण होईल की नाही हे कळण्याआधीच पैसे जातात. म्हणून भरण्याआधी विद्यापीठाच्या वेबसाइटवरची डिपॉझिटची परतावा पॉलिसी शब्द न् शब्द वाचा आणि त्या दिवशीची प्रत जपून ठेवा.

त्यात तीन प्रसंग शोधायचे. अटी पूर्ण झाल्या नाहीत तर पैसे परत मिळतात का? बहुतेक ठिकाणी मिळतात, पण निकालाचा पुरावा द्यावा लागतो. व्हिसा नाकारला गेला तर? सहसा मिळतात, नकाराचं पत्र जोडावं लागतं, आणि खोटी कागदपत्रं दिल्यामुळे नकार आला असेल तर नाही. स्वतःहून मन बदललं तर? बहुतेकदा मिळत नाहीत. तिन्हींत अर्ज करायची मुदत आणि कापली जाणारी रक्कम लिहिलेली असते. पहिल्या प्रसंगाचं उत्तर पॉलिसीत स्पष्ट नसेल आणि साठ टक्क्यांची खात्री नसेल, तर डिपॉझिटची तारीख निकालापर्यंत पुढे मागणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. ईमेलमध्ये निकालाची अपेक्षित तारीख आणि कॉलेजचं पत्र जोडलं की मुदत वाढवून मिळण्याची शक्यता असते.

पैसे पाठवणं हे गावच्या बँकेतलं काम नाही. परदेशी चलनाचा व्यवहार ठराविक शाखांतूनच होतो, त्यामुळे यवतमाळ, अमरावती किंवा नागपूरच्या शाखेत जावं लागतं. पॅन, पासपोर्ट, ऑफर लेटर आणि 'ए टू' नावाचा फॉर्म लागतो. आर्थिक वर्षात एकूण 10 लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस हा कर कापला जात नाही, त्यामुळे फक्त डिपॉझिट पाठवताना तो प्रश्न येत नाही. फॉर्म भरताना दोन गोष्टी नीट बघा. संदर्भाच्या रकान्यात विद्यापीठानं दिलेला स्टुडंट आयडी लिहा, नाहीतर पैसे पोचतात पण ते कोणाचे हे तिकडे कळत नाही. आणि सगळे बँक चार्जेस पाठवणाऱ्याकडे लावा. तसं नसेल तर मधली बँक वीस-पंचवीस पौंड कापून घेते, विद्यापीठाला 3,978 पौंड मिळतात आणि पोर्टलवर 'डिपॉझिट अपुरं' असं दिसत राहतं. पैसे पोचायला चार-पाच कामाचे दिवस धरा. 30 जूनची मुदत म्हणजे बँकेत 22-23 जूनला जायला हवं. बँकेकडून मिळालेली, पैसे पाठवल्याची स्विफ्टची प्रत पोर्टलवर चढवा.

डिपॉझिट विद्यापीठाच्याच खात्यात किंवा पोर्टलवरच्या पेमेंट लिंकवरून भरा. एजंटच्या खात्यात कधीच नाही. परतावा साधारणपणे ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो. ते खातं तिसऱ्याचं असेल तर तुमचे पैसे त्याच्या हाती. एजंटमार्फत अर्ज केला असेल तर आणखी एक तपासा: पोर्टलला जोडलेला ईमेल तुमचा आहे का? अनेकदा एजंट स्वतःचाच ईमेल टाकतात आणि विद्यापीठाचे इशारे विद्यार्थ्यापर्यंत पोचतच नाहीत. लॉगिन मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

शिष्यवृत्तीच्या भरवशावर असणाऱ्यांनी इथे थांबावं. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप विनाअट ऑफर मागते. कंडिशनल पत्रावर काम होत नाही. पण बरीच विद्यापीठं डिपॉझिटशिवाय विनाअट पत्र द्यायला तयार नसतात. या पेचात पडलात तर विद्यापीठाला लिहा, की फी सरकारी शिष्यवृत्तीतून येणार आहे, आर्थिक अट वगळून पत्र द्यावं. काही विद्यापीठं शैक्षणिक आणि भाषेची अट पूर्ण असेल तर तसं पत्र देतात.

पत्रात नसलेली अट

ऑफर विनाअट झाली म्हणजे व्हिसाचा अर्ज करता येतो असं नाही. त्यासाठी 'कॅस' लागतो. विद्यापीठ ब्रिटिश सरकारच्या यंत्रणेत तुमच्या नावानं नोंद करतं आणि तिचा नंबर तुम्हाला देतं, तो कॅस. तो देण्याआधी बरीच विद्यापीठं तुमचे पैसे तपासतात, काही व्हिडिओवर मुलाखतही घेतात. पैशाचा नियम असा: उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी, एकही दिवस कमी नको. आणि ज्या तारखेला बँक स्टेटमेंट संपतं, तिच्यापासून 31 दिवसांच्या आत व्हिसाचा अर्ज जायला हवा.

नोव्हेंबर 2025 पासून लंडनबाहेर महिन्याला 1,171 पौंड धरले जातात, लंडनमध्ये 1,529. हे आकडे बदलत असतात, अर्जाच्या वेळी सरकारी वेबसाइटवर बघून घ्या. आपल्या मुलीचा कोर्स लंडनबाहेर आहे. 1,171 गुणिले नऊ म्हणजे 10,539 पौंड. फी 18,500 मधून भरलेलं डिपॉझिट 4,000 वजा केलं तर 14,500. एकूण 25,039 पौंड, 120 च्या दरानं साधारण 30 लाख रुपये. डिपॉझिट भरल्याची नोंद कॅसवर आलीय का हे नक्की बघा. ती नसेल आणि पावतीही जोडली नाही तर 4,000 पौंड, म्हणजे आणखी 4 लाख 80 हजार, जास्तीचे दाखवावे लागतील. रुपयाचा दर अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून लाख-दीड लाख वर ठेवा.

आता हे पैसे कोणाच्या आणि कोणत्या खात्यात? विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या. आईवडिलांचं खातं असेल तर जन्माचा दाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरचं वडिलांचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळतं का, ते आताच बघा. काका, मामा, मोठा भाऊ यांचं खातं चालत नाही, कितीही जवळचे असले तरी. काका मदत करणार असतील तर पैसे आधी बाबांच्या किंवा मुलीच्या खात्यात आले पाहिजेत आणि 28 दिवस त्या तारखेपासून मोजायचे.

सातबारा चालत नाही. वावर किती एकर आहे, सोनं किती आहे, सीएनं मालमत्ता किती लिहून दिली, यातलं काहीही इथे रोख रकमेच्या जागी धरलं जात नाही. गावच्या पतसंस्थेतली ठेवही धरू नका. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या बँका नव्हेत, आणि व्हिसाच्या नियमाप्रमाणे देखरेखीखालचीच बँक लागते. बँकेतली एफडी चालते, पण हवी तेव्हा मोडता येणारी असावी.

आपल्याकडची खरी अडचण हंगामाची आहे. कापसाचा पैसा दिवाळीनंतर, हिवाळ्यात येतो. अटींचा काळ मात्र जून-जुलै, म्हणजे बियाणं, खत, पेरणी आणि पाऊस दगा देईल तर दुबार पेरणीही. त्याच खात्यातून खतासाठी चाळीस हजार काढले आणि शिल्लक एक दिवस मर्यादेखाली गेली, की 28 दिवस पहिल्यापासून सुरू. म्हणून ही रक्कम शेतीच्या खात्यात मिसळू नका, तिला वेगळं खातं किंवा एफडी करा.

एवढी रोकड फार थोड्या घरांत असते, त्यामुळे बहुतेकांना शैक्षणिक कर्जच घ्यावं लागतं. कर्जाला 28 दिवसांचा नियम नाही. कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर हवं आणि मंजुरीचं पत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं हवं. इथे वेळ जातो तो तारणात. कर्ज थकलं तर बँकेला तारण जप्त करून विकू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीवर लागू होत नाही, म्हणून बँका शैक्षणिक कर्जाला ती सहसा तारण घेत नाहीत. गावठाणातल्या घराचा फक्त नमुना आठ असेल तरी बँक कुरकुर करते. एनए प्लॉट, शहरातलं घर, एफडी किंवा विमा असेल तर काम पुढे सरकतं. कंडिशनल पत्रावरही अनेक बँका फाइल घेतात आणि मंजुरी देतात, रक्कम नंतर सोडतात. म्हणून कर्जाची फाइल एप्रिलमध्येच टाका, निकालाची वाट बघू नका.

तारखा उलट्या मोजा

कोर्स 21 सप्टेंबरला. व्हिसाच्या निर्णयाला साधारण तीन आठवडे, शिवाय बोटांचे ठसे द्यायची तारीख मिळणं आणि तिकीट. म्हणजे अर्ज उशिरात उशिरा 20 ऑगस्टच्या आसपास गेला पाहिजे. त्याआधी कॅस, त्यासाठी विद्यापीठाला आठ-दहा दिवस. म्हणून कॅससाठीची सगळी कागदपत्रं 11-12 ऑगस्टपर्यंत द्यायला हवीत. पैसे 15 जुलैला खात्यात आले तर 28 दिवस 11 ऑगस्टला भरतात. पाहिलंत, 15 जुलै ही तारीख ऑफर लेटरमध्ये कुठेच नाही, पण प्रत्यक्षात तीच सगळ्यात कडक आहे. भारतीयांना टीबीची तपासणीही लागते, तीही ब्रिटननं मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच. प्रमाणपत्र सहा महिने चालतं, म्हणून जुलैत उरकून टाका. काही विज्ञान-तंत्रज्ञान विषयांना 'एटास' नावाची परवानगी लागते. लागणार असेल तर ऑफर लेटरमध्ये तसं लिहिलेलं असतं. तिला किमान तीस कामाचे दिवस लागतात आणि कंडिशनल ऑफरवरही अर्ज करता येतो, म्हणून ऑफर मिळाल्याच्या आठवड्यातच तो करा.

मुदत तिकडच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. तिथले संध्याकाळचे 5 म्हणजे आपले रात्रीचे 9.30. पण शेवटच्या रात्री गावातली लाइट आणि नेटवर्क यांच्यावर हे काम सोडू नका, दोन दिवस आधी चढवा.

31 जुलै आली आणि निकाल लागलाच नाही, तर? गप्प बसलात तर ऑफर आपोआप रद्द होऊ शकते. मुदतीच्या आठवडाभर आधी ईमेल करा. त्यात स्टुडंट आयडी, कोणती अट बाकी आहे, निकाल कधी अपेक्षित आहे आणि कोणती तारीख मागता आहात, एवढं चार ओळींत लिहा. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांचं पत्र जोडा, की शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा दिली आहे आणि निकाल विद्यापीठाकडे प्रलंबित आहे. आधीच्या पाचही सेमिस्टरच्या मार्कशीट सोबत द्या.

मुदत वाढली नाही किंवा लिखाणाचा अर्धा बँड काही केल्या येत नाही, तर ऑफर पुढच्या सत्राला नेण्याची मागणी करा, याला डिफर करणं म्हणतात. कोर्सला जानेवारीचं सत्र असेल तर ती चार महिन्यांची मोकळीक आहे, नसेल तर पुढचा सप्टेंबर. डिफर होताना चार गोष्टी लेखी घ्या: डिपॉझिट पुढे वळतं होईल का, फी जुनी राहील की नवी, मिळालेली फी-सवलत टिकेल का, आणि नवं पत्र कोणत्या अटींसह येईल. आयल्ट्सची दोन वर्षं नवीन कोर्सच्या तारखेला शिल्लक आहेत का तेही बघा. कर्ज मंजुरीचं पत्र सहा महिन्यांपेक्षा जुनं झालं असेल तर बँकेकडून नवं घ्यावं लागेल.